आठ तुमचं काही देणं लागत नाही

प्रश्न: मी लाइव्ह रूलेट खेळतो. एकच शून्य असलेलं टेबल. पडद्याच्या कडेला गेल्या 500 फेऱ्यांचा तक्ता असतो. परवा त्यात 17 ‘हॉट’ होता, 22 वेळा लागलेला, आणि 8 ‘कोल्ड’, फक्त 6 वेळा. शिवाय 8 सलग 140 फेऱ्या लागलाच नव्हता. म्हणून मी 8 वर लावत गेलो. 20 फेऱ्या एकेक चिप, पुढच्या 20 फेऱ्या दोन-दोन, मग 20 फेऱ्या चार-चार. सगळ्या 140 चिपा गेल्या. मी उठलो, आणि त्यानंतर नवव्या फेरीला 8 लागला! मी लवकर सोडलं का? मित्र म्हणतो, थंड आकड्यांचा नाद सोड, गरम धर. हा तक्ता खोटा असतो का? मी आकडे वहीतही लिहून ठेवतो.

उत्तर:

तक्ता खोटा नसतो. 17 खरोखर 22 वेळा लागला आणि 8 खरोखर सहाच वेळा. ही मोजणी तुम्ही स्वतः बसून केलीत तरी तीच येईल. फसवणूक मोजणीत नाही, ती त्यावर लिहिलेल्या दोन शब्दांत आहे. ‘गरम’ आणि ‘थंड’ म्हटलं की वाटतं, त्या आकड्यात या क्षणी काहीतरी आहे. तव्याला हात लावण्याआधी आपण तो गरम आहे का बघतो, कारण मघाची उष्णता आताही त्यात असते. रूलेटच्या चाकात मघाचं काहीच उरत नाही. डीलर चेंडू उचलतो, पुन्हा फिरवतो, आणि 37 कप्पे पुन्हा पहिल्यासारखे रिकामे असतात.

हे तत्त्व तुम्ही आधीही ऐकलं असणार, आणि तरीही तक्त्यासमोर बसलं की ते टिकत नाही. त्याचं कारण मला असं दिसतं की, अगदी निर्दोष चाकाचा 500 फेऱ्यांचा तक्ता कसा दिसायला हवा, हे आपल्याला कुणी कधी दाखवलेलंच नसतं. मनात एक सपाट चित्र असतं. 37 आकडे, 500 फेऱ्या, म्हणजे प्रत्येक आकडा साधारण साडेतेरा वेळा. मग 22 आणि 6 पाहिले की वाटतं, इथे काहीतरी घडतंय.

आता खरं चित्र बघा. चाक पूर्ण निर्दोष असलं, तरी 500 फेऱ्यांत कुठल्याही एका आकड्याची मोजणी साडेतेराच्या वरखाली साडेतीन-चारने सहज हलते. 37 पैकी साधारण 27 आकडे 10 ते 17 च्या दरम्यान राहतात. उरलेले दहाएक टोकांना जातात, पाचेक वर, पाचेक खाली. सगळ्यात वरचा आकडा बहुधा 21, 22, 23 च्या आसपास असतो आणि सगळ्यात खालचा 6 किंवा 7 वर. म्हणजे तुम्हाला दिसलेले 22 आणि 6 हे बिघाडाचं लक्षण नाही, तर निर्दोष चाकाचं नेहमीचं रूप आहे. सगळेच आकडे 13 आणि 14 वर येऊन बसले असते, तर मात्र मी म्हटलं असतं की इथे काहीतरी काळंबेरं आहे.

पडदा काय करतो ते आता लक्षात येईल. मधले 27 आकडे तो झाकतो आणि टोकाचे पाच-पाच तेवढे पुढे आणतो. वर्गातल्या मुलांमधून सगळ्यात उंच पाच आणि सगळ्यात बुटकी पाच निवडून त्यांचाच फोटो काढावा, तसं. फोटो खराच असतो, पण त्यावरून वर्ग कसा आहे ते कळत नाही. आणि ही निवड झालेली असते निकाल लागून गेल्यावर. फेऱ्या सुरू होण्याआधी कुणी म्हटलं असतं की 17 गरम होणार आणि तो झाला असता, तर ती दखल घेण्यासारखी गोष्ट होती. सगळ्या फेऱ्या झाल्यावर 37 जणांतला पहिला शोधला, तर कुणीतरी पहिला येणारच.

आता तुमच्या आठाकडे येतो. एक आकडा सलग 140 फेऱ्या लागत नाही, हे ऐकायला अजब वाटतं. आधीच ठरवून धरलेल्या एका आकड्याबाबत ते विरळ आहेही. कुठलीही 140 फेऱ्यांची पट्टी घेतली तर असं होण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या थोडी वर. पण तुम्ही आठ आधीपासून धरला नव्हता. तो तुम्हाला तक्त्याने दाखवला, 37 आकड्यांतून शोधून. 37 उमेदवार असले की हिशेब बदलतो. कुठल्याही क्षणी कुठल्याही टेबलावर डोकावलं, तर 140 किंवा जास्त फेऱ्या गायब असलेला आकडा सापडण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. लॉबीतली चार टेबलं चाळली की असा एखादा ‘रुसलेला’ आकडा मिळतोच. एवढंच कशाला, फक्त 37 फेऱ्या मोजा. 37 आकडे, 37 फेऱ्या, तरी सरासरी 13 आकडे एकदाही दिसत नाहीत. सगळे 37 आकडे किमान एकदा दिसायला सरासरी 155 फेऱ्या लागतात. गायब राहणं हा रूलेटमधला अपवाद नाही, नेहमीचा भाग आहे.

तुम्ही 8 वर लावायला सुरुवात केलीत, तेव्हा पुढच्या 60 फेऱ्यांत तो एकदाही न लागण्याची शक्यता जवळपास पाचांत एक होती. आधी 140 फेऱ्या तो आला नव्हता म्हणून ती कमी झाली नव्हती, आणि तो मघाशीच लागला असता तरी ती तेवढीच राहिली असती. 140 फेऱ्या वाट पाहिलेल्या माणसालाही पुढे सरासरी 37 फेऱ्या थांबावं लागतं, आणि आत्ताच येऊन बसलेल्यालाही तेवढंच.

इथे एक शंका नेहमी येते, आणि ती रास्त आहे. ‘शेवटी सगळे आकडे सारखे होतात असं गणितच सांगतं ना? मग मागे पडलेला आठ भरपाई करणारच की!’ सारखे होतात हे खरं आहे, पण भरपाईने नव्हे. समजा आठ 500 फेऱ्यांत 6 वेळा लागला, म्हणजे अपेक्षेपेक्षा साडेसातने मागे. तेव्हाची त्याची टक्केवारी 1.2. आता पुढच्या 5000 फेऱ्या होऊ द्या आणि आठ अगदी साधा वागला असं धरा, एकही जादा उपकार न करता. त्या 5000 फेऱ्यांत तो 135 वेळा लागेल. एकूण 5500 फेऱ्यांत 141. टक्केवारी झाली 2.56, आणि खरी अपेक्षित टक्केवारी 2.70 आहे. म्हणजे 1.2 वरून तो जवळजवळ जागेवर आला. पण मोजणीत तो अजूनही साडेसातनेच मागे आहे! ती तूट कुणी भरून काढली नाही, मोठ्या संख्येत ती नुसती बारीक दिसायला लागली. पडद्यावरची टक्केवारी सरकताना पाहून आपण म्हणतो, ‘बघा, आठ परतला.’ आठ कुठेही परतलेला नसतो.

तक्त्याची आणखी एक खोड इथेच सांगतो. तो फक्त शेवटच्या 500 फेऱ्या धरतो. नवी फेरी आत आली की सगळ्यात जुनी बाहेर पडते. त्यामुळे कधीकधी एखादा आकडा ‘थंड होताना’ दिसतो, तो आत्ता लागत नाही म्हणून नव्हे, तर सहा तासांपूर्वी लागलेला त्याचा निकाल खिडकीबाहेर गेला म्हणून.

लवकर सोडलं का, या प्रश्नाला माझं स्पष्ट उत्तर आहे: ‘नाही.’ तुम्ही उठलात तेव्हा पुढच्या फेरीला 8 लागण्याची शक्यता 37 त एक होती, पहिल्या फेरीइतकीच. नवव्या फेरीला तो लागला हे तुम्हाला नंतर कळलं. समजा तुम्ही बसून राहिला असता आणि आठ-आठ चिपा लावल्या असत्या. नवव्या फेरीला 72 चिपा लावून 288 हाती आल्या असत्या, आणि आधीच्या 140 धरूनही तुम्ही 76 ने पुढे असता. हे मी लपवत नाही, कारण हाच हिशेब तुम्ही त्या रात्री मनात पन्नास वेळा केला असणार. पण तेवढ्याच खऱ्या दुसऱ्या शक्यतेत आठ पुढच्या 20 फेऱ्याही लागत नाही, आणि हे निम्म्याहून जास्त वेळा होतं. मग तुमचे आणखी 160 जातात आणि पुढचा डाव 16 चिपांचा होतो. लागलेला आठ आठवणीत राहतो. न लागलेल्या शक्यतेतलं नुकसान कुणालाच दिसत नाही, म्हणून चुटपुट नेहमी एकाच बाजूने लागते.

आता तुमच्या मित्राचा सल्ला. त्याचं म्हणणं तुमच्या उलट, पण मुळात चूक तीच आहे. तरीही त्याचा हिशेब मी मन लावून करून दाखवतो, कारण कागदावर तो फार मोहक दिसतो. समजा गरम पाच आकडे 22, 20, 19, 19 आणि 18 वेळा लागलेत. एकूण 98. कुणी त्या 500 फेऱ्यांत या पाचांवर प्रत्येक वेळी एकेक चिप लावली असती, तर 2500 चिपा लागल्या असत्या. आकडा लागला की 35 चिपा मिळतात आणि लावलेली परत येते, म्हणजे 36. 98 गुणिले 36 म्हणजे 3528. निव्वळ फायदा 1028 चिपा! हा आकडा डोळ्यांसमोर नाचायला लागला की माणूस हात आवरत नाही.

पण तो फायदा मागच्या 500 फेऱ्यांचा आहे, आणि त्यांवर आता पैसे लावता येत नाहीत. पुढच्या 500 फेऱ्यांत याच पाच आकड्यांची अपेक्षा 67 ते 68 वेळा लागण्याची. परत येणार 2432 चिपा, जाणार 2500. तोटा 68. चाकावरच्या कुठल्याही पाच आकड्यांचा हिशेब एवढाच येईल.

आणि तरीही तुमचा मित्र ठाम आहे. त्याला कारण आहे. पाच आकडे 500 फेऱ्यांत नेमके 67 वेळा लागतात असं नाही, साठपासून पंचाहत्तरपर्यंत सहज हलतात. 70 वेळा लागले की खेळणारा फायद्यात जातो. असं दहांत साधारण चार वेळा होतं. म्हणजे गरम आकड्यांवर अशी 500 फेऱ्यांची बैठक मारणाऱ्या दहा जणांतले चार जिंकून उठतात, आणि श्रेय तक्त्याला देतात. थंड आकड्यांवर लावणाऱ्या दहांतलेही चार जिंकतात, आणि तेही तक्त्यालाच श्रेय देतात. मुलांच्या वाढदिवसाच्या तारखांवर लावणाऱ्यांतलेही चारच. तुमचा मित्र खोटं बोलत नसावा. तो बहुधा त्या चारांपैकी आहे.

पण चाक खरंच वाकडं असलं तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण वहीत आकडे लिहिणारा माणूस कधी ना कधी तिथे पोचतोच, म्हणून सांगतो. असं झालेलं आहे. एकोणिसाव्या शतकात जोसेफ जॅगर या इंग्रज माणसाने मोंटे कार्लोला माणसं बसवून चाकांचे आकडे टिपले आणि एका सदोष चाकावर मोठी रक्कम जिंकली. 1990 च्या दशकात गोन्झालो गार्सिया-पेलायो यांनी माद्रिदच्या कॅसिनोत कुटुंबीयांच्या मदतीने हजारो फेऱ्या नोंदवून हेच केलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2004 मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू टिकली.

मग 500 फेऱ्यांच्या तक्त्यातून तेच का करता येत नाही? कारण 500 फार कमी आहेत. समजा एक कप्पा इतका बिघडला आहे की तो 37 ऐवजी 30 फेऱ्यांत एकदा लागतो. हा रूलेटच्या मानाने भयंकर बिघाड झाला. तरी 500 फेऱ्यांत तो साडेतेराऐवजी साडेसोळाच्या आसपास दिसेल, म्हणजे निर्दोष चाकावरच्या नुसत्या नशीबवान आकड्यांच्या गर्दीत हरवून जाईल. तो निःशंकपणे ओळखायला सहा-सात हजार फेऱ्या लागतील. 45 सेकंदांना एक फेरी धरली तर हे 80 तासांचं काम आहे, आणि तेवढा वेळ चाक तेच राहायला हवं, कुणी बदललेलं, उघडून साफ केलेलं किंवा दुरुस्त केलेलं नको. त्यात पुन्हा हे आकडे सगळ्यात आधी आणि सगळ्यात पूर्ण कुणाकडे असतात? कॅसिनोकडेच. प्रत्येक निकाल यंत्राने नोंदलेला असतो. एखादा कप्पा खरंच जास्त लागत असता, तर त्याची बातमी तुम्हाला पडद्यावर देण्याआधी त्यांनी ते चाक उचलून नेलं असतं.

हे मला फार बोलकं वाटतं. ब्लॅकजॅकमध्ये वाटलेली पानं गड्डीतून कमी होतात, त्यामुळे तिथे मागचं लक्षात ठेवण्याला खरोखर अर्थ असतो. तिथे पानं मोजणारा माणूस ओळखला की कॅसिनो त्याला खेळू देत नाही. रूलेटच्या टेबलावर मात्र तेच कॅसिनो आकडे लिहायला छापील कार्ड आणि पेन हातात देतात, डोक्यावर निकालांचा फलक लावतात, आणि ऑनलाइन असेल तर 500 फेऱ्यांचा तक्ता फुकट देतात. कुठली माहिती कामाची आणि कुठली निरुपयोगी, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तुम्ही 8 वर लावा किंवा 17 वर, प्रत्येक 37 चिपांमागे सरासरी एक चिप त्यांच्याकडे जाते. कुठला आकडा, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. किती चिपा आणि किती फेऱ्या, याच्याशी मात्र आहे. आणि तक्ता नेमका तिथेच काम करतो. तक्ता नसता तर 20 फेऱ्या हरून तुम्ही कदाचित उठला असता. ‘आता यायलाच हवा’ हे वाटलं म्हणून एकाच्या दोन आणि दोनाच्या चार झाल्या.

(बॅकराच्या टेबलावर लाल-निळ्या गोलांचे जे नकाशे दिसतात, त्यांचंही साधारण असंच आहे. पुढचा डाव ओळखायला त्यांचा उपयोग नाही.)

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा. स्प्रेडशीट उघडा आणि A1 पासून A500 पर्यंत हे भरा:

```
=RANDBETWEEN(0,36)
```

B1 पासून B37 पर्यंत 0 ते 36 हे आकडे लिहा, आणि C1 मध्ये पुढचं सूत्र टाकून ते C37 पर्यंत खाली ओढा:

```
=COUNTIF($A$1:$A$500,B1)
```

आता C स्तंभात ज्यांची मोजणी सगळ्यात मोठी आहे ते पाच आकडे आणि सगळ्यात लहान आहे ते पाच आकडे शोधून काढा. तुमचा स्वतःचा गरम-थंड तक्ता तयार. इथे चाक नाही, चेंडू नाही, डीलर नाही, तरी 21-22 वेळा लागलेला एखादा ‘गरम’ आणि सहा-सात वेळा लागलेला ‘थंड’ आकडा दिसेल. तो पाच गरम आकड्यांचा संच आणि त्यांची बेरीज कागदावर लिहून ठेवा, कारण पुढच्या बदलाबरोबर शीट सगळे आकडे नवे काढते. मग F9 दाबा. नव्या 500 फेऱ्यांत त्याच पाच आकड्यांची बेरीज करा. पहिल्या वेळची बेरीज 95-100 च्या घरात असेल, दुसऱ्या वेळची बहुधा 60 ते 75 मध्ये येईल. दहा वेळा करा. थंड पाच घेऊनही करा; त्यांची बेरीज 40 च्या आसपासवरून उडी मारून त्याच 60 ते 75 मध्ये येईल. ती उडी भरपाईची वाटेल, पण गरम आकडेही त्याच ठिकाणी उतरलेत हे बाजूलाच दिसत असेल.

वहीबद्दल शेवटचं. ती फेकू नका, तिचे रकाने बदला. कुठला आकडा लागला हे लिहिणं थांबवा. त्याऐवजी बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, एकूण किती चिपा लावल्या, किती परत आल्या, आणि डाव वाढवला असेल तर कुठल्या फेरीला व का, एवढं लिहा. ‘का’च्या रकान्यात ‘बराच वेळ आला नाही म्हणून’ असं लिहायची वेळ आली, तर त्या बैठकीत डाव मूळ एका चिपेवर आणा किंवा उठा. पडद्यावर तक्त्याची पट्टी बंद करता येत असेल तर बंद करा. आणि गेलेल्या 140 चिपा परत मिळवण्यासाठी आज रात्री बसायचा विचार असेल, तर तो आधी जवळच्या एखाद्या माणसाला मोठ्याने बोलून दाखवा, त्या मित्राला नव्हे. बसणं थांबवता येत नाही असं वाटायला लागलं असेल, तर खात्यावर स्वतःच बंदी घालून घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती आजच वापरा. पंधरा दिवसांची वही झाली की मला पुन्हा लिहा, त्यातला ‘का’चा रकाना मला वाचायचा आहे.